थंडीची लाट : वेधशाळेचा पारा आणि भुईवरचा गारठा

(परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान, इयत्ता पाचवी ते सातवी, शिक्षकांकरिता पाठटिप्पणी)

पौष महिन्यात वर्तमानपत्रांत ‘उत्तरेकडे थंडीची लाट’ असा मथळा झळकला, की वर्गातील एखादा चौकस मुलगा हटकून विचारतो, ‘गुरुजी, लाट म्हणजे नेमके काय? आपल्याकडे पण थंडी वाजते, मग ती लाट का नाही?’ प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर ‘फार थंडी पडली म्हणजे लाट’ असे देऊन भागत नाही. हवामानशास्त्राने या शब्दाला काटेकोर अर्थ दिला आहे. तो अर्थ समजला म्हणजेच त्याच्या मर्यादाही समजतात, आणि उघड्यावर निजणारा मनुष्य, गोठ्यातील वासरू व शेतातील रोप यांचा बचाव कसा करावा हे ओघानेच ध्यानी येते. म्हणून प्रस्तुत पाठात आपण व्याख्येपासून आरंभ करू.

भारतीय हवामान विभाग सपाटीवरील ठिकाणांसाठी प्रथम एक अट घालतो. त्या ठिकाणचे किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून खाली आले पाहिजे. डोंगराळ मुलखाकरिता हीच मर्यादा शून्य अंशांची आहे. एवढ्याने लाट ठरत नाही. त्या दिवसांत त्या ठिकाणी सर्वसाधारणपणे जे किमान तापमान असते, म्हणजे तीस वर्षांच्या नोंदींवरून काढलेली जी सरासरी, तिच्यापेक्षा पारा साडेचार ते ६.४ अंशांनी खाली गेला तर थंडीची लाट, आणि त्याहूनही अधिक खाली गेला तर तीव्र लाट समजावयाची. याखेरीज सरासरीचा विचार न करता सपाटीवर पारा ४ अंशांवर किंवा खाली आला तर लाट, आणि २ अंशांवर किंवा खाली आला तर तीव्र लाट, असाही दुसरा मार्ग आहे. किनारपट्टीवर समुद्रामुळे पारा फारसा उतरत नाही. म्हणून तेथे १५ अंशांपर्यंत उतरलेला पारा सरासरीहून साडेचार अंशांनी कमी असला तरी पुरतो.

विद्यार्थ्यांना हे समजावताना आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. पुण्याच्या शिवाजीनगर वेधशाळेत २०१८ च्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस किमान तापमान ५.९ अंश नोंदले गेले. त्या सुमारास पुण्याची सरासरी साधारण ११ अंश असते. आता फळ्यावर पायरीपायरीने मांडावे. पारा १० च्या खाली आहे काय? होय. सरासरीपासून किती उतरला? सुमारे पाच अंश. पाच हा साडेचार व ६.४ यांच्यामध्ये येतो, म्हणून ही थंडीची लाट होय. मात्र दुसऱ्या मार्गाने पाहिले तर ५.९ हा आकडा ४ च्या वर आहे, म्हणून त्या मार्गाने ती लाट ठरत नाही. एकाच पहाटेला एका कसोटीवर लाट आणि दुसऱ्या कसोटीवर लाट नाही, हे पाहून मुले चकित होतात, आणि व्याख्या म्हणजे पाठ करावयाची ओळ नसून मोजमापाचे साधन आहे हे त्यांना उमगते. यानंतर १७ जानेवारी १९३५ चे उदाहरण द्यावे. त्या दिवशी पुण्याचा पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, आणि पुण्याच्या नोंदींतील तो नीचांक आहे. ही तीव्र लाट ठरते की नाही, व कोणकोणत्या कसोटीने, हे मुलांनी स्वतः काढावे.

व्याख्येतील आणखी एक कलम शिक्षकांच्या लक्षात राहणे अत्यावश्यक आहे. वरील निकष हवामान उपविभागातील निदान दोन केंद्रांवर आणि निदान दोन सलग दिवस पूर्ण व्हावे लागतात, आणि लाट आल्याची घोषणा दुसऱ्या दिवशी होते. आपला जिल्हा मध्य महाराष्ट्र या उपविभागात मोडतो. याचा अर्थ असा, की ‘लाट आली’ असे अधिकृतपणे ठरेपर्यंत गारठ्याची पहिली रात्र उलटून गेलेली असते. हवामान विभाग चार-पाच दिवस आधी अंदाज व रंगांचे इशारेही देतो, आणि ते अवश्य पाहावेत. परंतु ज्याच्या अंगाखाली ओली ताडपत्री आहे, त्याच्या दृष्टीने पहिली रात्र व दुसरी रात्र असा भेद नसतो.

ही थंडी येते कोठून, ते थोडक्यात सांगतो. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयावर बर्फ टाकून पुढे सरकतात. त्यांच्या पाठोपाठ आकाश निवळते आणि उत्तरेकडील कोरडे, गार वारे पंजाब, हरियाणा, राजस्थान व उत्तर प्रदेशाच्या मैदानांवर पसरतात. त्यांचा जोर अधिक असला, की ते मध्य प्रदेश व गुजरात ओलांडून तापीच्या खोऱ्यातून खानदेशात शिरतात, तेथून नाशिक व मग पुणे. म्हणूनच जळगाव व निफाडची बातमी आधी येते आणि आपली एखाददुसऱ्या दिवसाने. उत्तरेच्या मैदानांत आणि आपल्याकडे एक मोठा फरक मात्र आहे. तेथे दाट धुके दिवसभर सूर्याला झाकून ठेवते, दुपारीही ऊब मिळत नाही, व त्याला ‘शीत दिवस’ अशी वेगळी संज्ञा आहे. म्हणून तेथील बेघरांना दिवसासुद्धा निवाऱ्याची गरज भासते. आपल्याकडे दुपारी ऊन असते, माणसे सदरा काढून काम करतात, आणि त्यामुळेच पहाटेचा धोका कुणाच्या मनातही राहत नाही. आपले संकट साधारण मध्यरात्र उलटल्यापासून सूर्य उगवून तासभर होईपर्यंतचे आहे. त्याची तयारी मात्र दुपारीच करावी लागते.

आता या पाठाचा गाभा. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर ठेवलेला असतो. तो हवेचे तापमान सांगतो. परंतु आकाश निरभ्र व वारा पडलेला असला, म्हणजे भुई, गवत, पत्रा, ताडपत्री यांतील उष्णता रात्रभर आकाशाकडे निघून जाते, आणि त्या वस्तू चार फुटांवरील हवेपेक्षा अधिक गार होतात. हा फरक दोन ते पाच अंशांपर्यंत सहज असतो. म्हणजे पेटीतला पारा ६ दाखवीत असताना गवताच्या पात्यावर तो २ किंवा १ असू शकतो. शिवाय गार हवा जड असल्यामुळे ती पाण्यासारखी उतारावरून वाहत येऊन सखल जागी साचते. महाबळेश्वरचे उदाहरण सर्वांच्या ऐकिवात आहे. गावातला पारा शून्याच्या बराच वर असताना वेण्णा तलाव व लिंगमळा भागात गवतावरील आणि होड्यांच्या धक्क्यावरील दवबिंदू गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात वरचेवर येतात. आकडा खोटा नसतो. तो चार फुटांवरचा असतो, एवढेच.

देहूरोडच्या आसपासच्या शाळांना हे प्रत्यक्ष दाखविणे फार सोपे आहे. घोरवडेश्वराच्या डोंगराकडून उतरलेली गार हवा खाली सखल भागात येते, आणि पहाटे चुलींचा व भट्ट्यांचा धूर वर न जाता एका पातळीवर चादरीसारखा पसरलेला दिसतो. खाली गार हवा व वर उबदार हवा असा उलटा थर झाला, की धुराला वर जाता येत नाही. सायंकाळी शेजारच्या घरातील धूर थोडा वर जाऊन आडवा पसरला, आकाशात ढग नाही आणि झाडाचे पान हलत नाही, अशी तीन लक्षणे एकत्र दिसली, तर त्या रात्री भुईवरचा गारठा आकड्याहून अधिक असणार असे मुलांनाही सांगता येईल. याउलट वारा वाहत असेल तर भुईवरचे व चार फुटांवरचे तापमान जवळजवळ सारखे राहते. मग धोका भुईच्या गारव्यापेक्षा वाऱ्याचा असतो, व आडोसा हाच मुख्य उपाय ठरतो.

प्रयोगासाठी दोन साधे तापमापक पुरेत. एक झडपांच्या पेटीत, किंवा निदान हवेशीर सावलीत चार फुटांवर टांगावा. दुसरा मोकळ्या मैदानात गवताच्या टोकांवर आडवा ठेवावा. सायंकाळी सहा वाजता व सकाळी सूर्य उगवण्यापूर्वी दोन्ही वाचून वहीत लिहावे, आणि त्यापुढे आकाश, वारा व दव यांची नोंद करावी. पंधरा दिवसांत निरभ्र रात्री व ढगाळ रात्री यांतील अंतर मुलांना आपोआप दिसेल. एक सूचना करतो. भिंतीला टेकवून ठेवलेला तापमापक दिवसभर तापलेल्या भिंतीची ऊब दाखवितो. एका शाळेत मी पाहिलेल्या सुंदर, टापटीप नोंदवहीतील सर्व आकडे याच कारणाने चार-पाच अंशांनी वर होते.

एवढे समजले, म्हणजे उघड्यावर निजणाऱ्याचा प्रश्न वेगळ्या प्रकाशात दिसू लागतो. देहूरोड ते चाकण या पट्ट्यात कारखाने, रस्ते व इमारतींची कामे चालू असतात, आणि त्यांवर राबणाऱ्या कुटुंबांपैकी पुष्कळजण ताडपत्रीच्या पालांत, रेल्वेपुलाच्या आश्रयाने किंवा वीटभट्टीजवळ राहतात. ऊसतोडीच्या हंगामात कोपी घालून राहणारे, मेंढरे घेऊन फिरणारे धनगर, फलाटावर निजणारा हमाल, या सर्वांना आपण घोंगडी देतो, आणि ती अंगावर पांघरावयास सांगतो. परंतु ज्या भुईवर ते निजतात तीच त्यांच्या अंगातील ऊब शोषून घेते. निजलेल्या माणसाच्या भाराने खालची सतरंजी दाबून चपटी होते, तिच्यातील हवा निघून जाते, आणि हवा गेली म्हणजे ऊब राखण्याचा तिचा गुण गेला. म्हणून दोन घोंगड्या असतील तर एक खाली घालणे शहाणपणाचे. त्याहून चांगले म्हणजे पेंढा. मावळात भाताची मळणी झाल्यावर पेंढ्याला तोटा नसतो. तो दोन दिवस उन्हात वाळवून गोणपाटात सैल भरावा. वीतभर जाडीची अशी गादी निजल्यावर दबून चार बोटे उरते, आणि तेवढी पुरते. पेंढा मिळत नसेल तर पुठ्ठ्याची खोकी उलगडून तीन-चार थर घालावेत. पेंढ्याच्या गादीजवळ बिडी किंवा शेकोटी नको, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. प्लॅस्टिकचा कागद किंवा ताडपत्री थेट अंगावर पांघरली, की श्वासाचे व घामाचे पाणी तिच्या आतल्या बाजूला जमते, पहाटे ते कपड्यांवर ठिबकते, आणि ओले कापड कोरड्या कापडापेक्षा कितीतरी वेगाने ऊब घेऊन जाते. ताडपत्री ही डोक्यावर, हातभर अंतरावर, छपरासारखी बांधावयाची असते. निरभ्र आकाश व माणूस यांच्यामध्ये असे पातळसे छप्पर आले तरी आकाशाकडे निघून जाणारी उष्णता अडते. झाडाखाली उभी केलेली गाडी सकाळी कोरडी व उघड्यावरची दवाने भिजलेली दिसते, त्याचे कारणही हेच.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक, आणि तीवर एक स्वतंत्र तास खर्ची घातला तरी हरकत नाही. शेगडी किंवा घमेल्यातील निखारे आत घेऊन, दार लावून निजणे. कोळसा अपुऱ्या हवेत जळला, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्याने खोकला येत नाही. डोके जड होते, मळमळते, आणि झोप लागते. ज्याला आधीच झोप लागली आहे त्याला ही लक्षणे कळतच नाहीत. उत्तर हिंदुस्थानात दर हिवाळ्यात या प्रकारे अख्खी कुटुंबे दगावल्याच्या बातम्या येतात. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक, ही समजूत नेमकी उलटी आहे. शेक घ्यावयाचा तो उघड्यावर, किंवा दार व झरोका उघडा ठेवून, आणि निजण्यापूर्वी शेगडी बाहेर काढून.

गारठलेला मनुष्य ओळखावा कसा? प्रथम तो जोराने कापतो. हे चांगले लक्षण आहे, कारण शरीर ऊब निर्माण करण्याचा यत्न करीत असते. पुढे बोलणे अडखळते, पाय लटपटतात, बोटांना गुंडी लावता येत नाही, आणि मग कापणे थांबते. कापणे थांबले म्हणजे बरे वाटू लागले, असे पाहणारास वाटते. वस्तुतः तेथेच जीव धोक्यात आलेला असतो. अशा माणसास ‘दारू पिऊन पडला’ असे समजून लोक पुढे निघून जातात. त्याचे ओले कपडे काढून, अंगाखाली व अंगावर कोरडे घालून, छाती, मान व पोट ऊबदार करावे. हातपाय चोळू नयेत. शुद्धीवर असून गिळता येत असेल तर गोड गरम चहा द्यावा. दारू मुळीच देऊ नये. तिने कातडीकडील रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटते, आणि अंगातील ऊब उलट वेगाने निघून जाते. मग १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तान्ह्या मुलाची गोष्ट आणखी नाजूक. ते कापत नाही, केवळ मलूल होते व दूध ओढीत नाही. त्याला आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून, डोक्यावर टोपडे घालून, वरून दोघांना पांघरूण द्यावे.

शाळेच्या ओसरीविषयी दोन शब्द. आमच्या कित्येक शाळांची ओसरी तीन बाजूंनी बंद व फरशीची असते. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती व ग्रामपंचायत यांनी आधी बसून ठरविले, तर थंडीच्या चार-सहा रात्री जवळच्या पालांतील बाळंतिणी, म्हातारी माणसे व तान्ही मुले तेथे निजू शकतात. हे आगाऊ ठरले पाहिजे. पहाटे तीन वाजता किल्ली कोणाकडे आहे याचा शोध घेत बसणे व्यर्थ होय. ज्या पालांतील मुले आपल्या पटावर आहेत, त्यांची घरे शिक्षकांना ठाऊक असतात. तलाठ्यापाशी किंवा ग्रामसेवकापाशी ती यादी नसते. फरशी भुईसारखीच गार असते, तेव्हा पेंढ्याच्या गाद्या तेथेही लागतीलच.

आता जनावरांकडे वळू. शेतकरी प्रथम गाई-बैलांची काळजी करतो. परंतु पोटभर खाल्लेली, अंग कोरडे असलेली मोठी गाय आपल्याकडील थंडीला सहसा दाद देत नाही. तिच्या कोठीपोटात चाऱ्याचे आंबवण अहोरात्र चालू असते व त्यातून ऊब निर्माण होते. कडबा, पेंढा यांसारखा तंतुमय कोरडा चारा सायंकाळी दिला, तर ही ऊब रात्रभर मिळत राहते. म्हणून थंडीच्या दिवसांत दिवसाच्या चाऱ्यातील मोठा वाटा दावणीला सायंकाळी टाकावा, आणि हिरवा चारा व पाणी दिवसा द्यावे. बर्फासारखे गार पाणी जनावर कमी पिते, व पाणी कमी प्याले की चाराही कमी खाते. विहिरीतून नुकतेच काढलेले पाणी हिवाळ्यात कोमट लागते. तेच पाजावे. रात्रभर हौदात राहिलेले पाजू नये.

खरे संकट नवजात वासरांचे, करडांचे व कोकरांचे असते. नुकत्याच जन्मलेल्या वासराला हवा दहा-पंधरा अंशांखाली गेली की अंगातील साठा खर्च करून ऊब राखावी लागते, आणि तो साठा अगदी थोडा असतो. पहाटे व्यालेल्या गाईचे वासरू प्रथम गोणपाटाने खरखरून कोरडे करावे, व तासा-दोन तासांच्या आत त्याला चीक पाजावा. चिकाने रोगप्रतिकारशक्ती मिळते हे सर्वांना माहीत आहे. तो त्याचे पहिले सरपणही आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. वासरू किंवा करडू गारठले आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याच्या तोंडात बोट घालावे. तोंड आतून गार लागले, तर ते बाहेरून कितीही ठीक दिसो, धोका आहे. ते मान धरून दूध ओढू शकत असेल तर पाजावे. मान टाकली असेल तर बाटलीने तोंडात दूध ओतू नये, कारण ते फुप्फुसात उतरते. आधी कोरड्या उबेत ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा. धनगर मंडळी करडे-कोकरे रात्री डालग्याखाली एकत्र ठेवतात व वर घोंगडी टाकतात. यात तथ्य आहे, कारण ती परस्परांच्या उबेवर रात्र काढतात. फक्त डालगे वाऱ्याकडील बाजूस झाकलेले व वरून थोडे उघडे असावे, आणि खाली कोरडा पाला असावा.

गोठा चारी बाजूंनी गच्च बंद करणे ही थंडीत सर्रास होणारी चूक होय. जनावरांच्या श्वासाची वाफ व मुताचा तिखट वायू आत कोंडतो, अंग व भिंती ओलसर होतात, आणि वासरांना खोकला जडतो. शेतकरी म्हणतो, ‘थंडीनं खोकला झाला.’ वास्तविक तो कोंडल्याने झालेला असतो. वाऱ्याकडील बाजूस जनावराच्या पाठीइतक्या उंचीपर्यंत गोणपाटाचा पडदा लावावा, व त्याच्या वरची जागा मोकळी ठेवावी. परीक्षा अशी, की पहाटे गोठ्यात जाऊन वासराच्या उंचीवर उकिडवे बसावे व चार श्वास घ्यावेत. डोळे चुरचुरले तर गोठा जास्त बंद आहे.

शेवटी पिके. थंडीने सर्वच पिकांचे नुकसान होते असे नाही. गव्हाला फुटवे चांगले येतात, तो थंडीवरच पोसतो. त्यामुळे एकाच बांधाच्या अलीकडे शेतकरी खूश व पलीकडे चिंतेत, असा देखावा दिसतो. निफाडच्या बाबतीत हे फार स्पष्ट आहे. तेथे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर २०१८ च्या डिसेंबराखेरीस पारा २ अंशांच्या खाली उतरला होता. गहू सुखात होता, आणि शेजारच्या द्राक्षबागांतून मणी तडकण्याच्या भीतीने पहाटे शेकोट्या पेटविल्या जात होत्या. जळगावकडील केळीची वाढही अशा थंडीत खुंटते. आपल्या भागात खेड-आंबेगावचा बटाटा, टोमॅटो, भाजीपाल्याची व कांद्याची रोपे यांना भय अधिक.

यांवरील मुख्य उपाय पाण्याचा आहे, आणि त्यामागील कारण मुलांना सांगण्याजोगे आहे. कोरड्या, भुसभुशीत मातीत हवा असते व तिच्यातून खालची ऊब वर येत नाही. ओली, बसलेली माती दिवसाची ऊब अधिक साठविते व रात्री ती हळूहळू पिकाला देते. शिवाय विहिरीचे पाणी स्वतःच कोमट असते. म्हणून लाटेचा इशारा मिळताच दुपारनंतर, जमीन भिजेल इतकेच, हलके पाणी द्यावे. आधीच चिखल असलेल्या रानात पाणी तुंबविण्याने लाभ नाही, मुळे मात्र गुदमरतात. याच कारणासाठी लाटेच्या तोंडावर खुरपणी व कोळपणी करू नये, कारण हलवलेली माती झाकणासारखी होऊन खालची ऊब अडविते. वाळलेल्या गवताच्या जाड आच्छादनाचेही तेच. ते मुळांना सांभाळते, पण त्याच्या वरची पाने मात्र उघड्या ओल्या जमिनीवरील पानांपेक्षा अधिक गार होतात. तुषार सिंचनाविषयी विशेष सावध असावे. पाणी गोठताना उष्णता सोडते म्हणून ते उपयोगी पडते, परंतु एकदा सुरू केले, की सूर्य वर येऊन पाने निवळेपर्यंत बंद करता येत नाही. मध्येच वीज गेली, तर ओले पान सुकताना अधिकच गार होते व न केल्यापेक्षा जास्त हानी होते. रात्रीच्या विजेचा भरवसा नसेल तर तो मार्ग सोडावा.

धुराबद्दल माझेच एक मत मला बदलावे लागले. पूर्वी मी गावोगावी बांधावर ओला पालापाचोळा पेटवून दाट धूर करण्याचा उपदेश करीत असे. धूर जमिनीतून जाणारी उष्णता फारशी अडवीत नाही. जो काही लाभ होतो तो आगीच्या उबेचा, व त्या उबेने वरची व खालची हवा ढवळली जाते त्याचा. म्हणून एक मोठी धुराची आग करण्यापेक्षा बागेत जागोजागी लहान, कोरड्या जळणाच्या शेकोट्या बऱ्या, आणि त्या पहाटे तीन-चारच्या सुमारापासून सूर्योदयापर्यंत, कारण पारा सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत खाली असतो. वारा असेल तर त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. मोठा जाळ करू नये, कारण त्याची ऊब एकदम वर निघून जाते.

रोपवाटिका लहान असल्याने तिला झाकणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. सूर्य मावळण्यापूर्वी, जमिनीत ऊब असतानाच, जुनी लुगडी, गोणपाट किंवा पेंढ्याचे तट्टे काठ्यांवर ताणून कडा मातीत दाबाव्यात. रोपाला टेकलेले प्लॅस्टिक चालत नाही. ज्या पानाला ते चिकटते तेच पान सर्वांत आधी करपते. सकाळी ऊन तापू लागले, की झाकण काढणे न विसरण्याचे काम मुलांवर सोपवावे. ती ते विसरत नाहीत.

इतके करूनही पहाटे बटाट्याची पाने उकडल्यासारखी, पाणचट व काळपट दिसली, तर ती त्याच दिवशी छाटू नयेत. कोणता भाग मेला व कोणता तगला हे आठ-दहा दिवसांनी नव्या फुटीवरूनच कळते, आणि तोवर वरची करपलेली पाने खालच्या कोवळ्या फुटीला पुढील रात्रीचे पांघरूण होतात. नोंदवहीत त्या पहाटेचे दोन्ही आकडे, चार फुटांवरचा व गवतावरचा, यांच्यापुढे कोणत्या रानातील, उंचवट्यावरील की सखलातील, पिकाची पाने करपली तेही लिहून ठेवावे. दोन-तीन हिवाळ्यांत गावातील गार हवेच्या साचण्याच्या जागांचा नकाशा वर्गात तयार होतो, आणि पुढच्या वर्षी रोपवाटिका कोठे टाकू नये हे शेतकरी शाळेत येऊन विचारू लागतात.